क्लिनिकची पासवर्ड पॉलिसी साध्या भाषेत लिहिताना: प्रकल्प नोंदी

४ मार्च

काम हातात आलं. छोटं क्लिनिक आहे, दोन डॉक्टर (सर आणि मॅडम), एक सिस्टर, काउंटरवर आलटून पालटून बसणाऱ्या दोघीजणी आणि अधूनमधून येणारे अकाउंटंट. यांच्याकडे पॉलिसी नाहीये असं नाही, आहे, चांगली चौदा पानी आहे, कुठल्यातरी मोठ्या हॉस्पिटलचा टेम्प्लेट उचलून वरचं नाव बदललंय. शेवटच्या पानावर सगळ्यांच्या सह्या आहेत. आतलं वाक्य असं आहे: "सर्व वापरकर्त्यांनी संस्थेच्या माहिती प्रणालींचा वापर केवळ अधिकृत प्रयोजनार्थ व विहित कार्यपद्धतीनुसार करावा." काउंटरवाल्या ताईंना विचारलं याचा अर्थ काय, तर म्हणाल्या, "कॉम्प्युटर नीट वापरा, असंच ना?" तसं बघितलं तर चूक नाही उत्तर 😄

ठरलंय असं की दोनच पानं. एका पानावर कॉम्प्युटर, मोबाईल, पेशंटची माहिती कशी वापरायची, आणि दुसऱ्यावर पासवर्ड. पण लिहायला आत्ता बसणार नाही, आधी काउंटरवर बसून बघते काम कसं चालतं ते. कारण जो नियम समोर पेशंट उभा असताना पाळता येत नाही तो कागदावरच राहतो, सही असो नाहीतर नसो.

६ मार्च

सकाळची गर्दीची वेळ धरून काउंटरच्या मागे बसले. बघितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

काउंटरच्या मशीनवर क्लिनिकचं सॉफ्टवेअर `reception` या एकाच नावाने उघडलेलं असतं, दिवसभर, कोणीही बसो. सरांच्या केबिनमध्ये सरांचं लॉगिन सकाळी उघडतं ते रात्रीच बंद होतं आणि मधल्या वेळात सिस्टर तिथेच बीपी, वजन, ताप भरतात, म्हणजे ते सगळं सरांच्या नावावर जातं. सर बाहेर गेलेले असले तरी. मॅडमचा पासवर्ड काउंटरवरच्या दोघींना पाठ आहे कारण मॅडम फोनवरून सांगतात, "अगं माझ्या लॉगिनने उघड आणि त्यांचा मागचा रिपोर्ट वाचून दाखव."

यात कोणी आळशी नाही की बेफिकीर नाही. लॉगआउट करून दुसऱ्या नावाने लॉगिन करायला त्या मशीनवर जवळजवळ पाऊण मिनिट लागतं, सॉफ्टवेअर पुन्हा पहिल्यापासून लोड होतं. समोर पाच माणसं उभी असताना कोण करेल ते, मीही नाही करणार.

पासवर्ड दर ३० दिवसांनी बदलायची सक्ती आहे. त्यामुळे सगळ्यांचे पासवर्ड स्वतःचं नाव, मग @, मग महिना असे झालेत. एकाचा कळला की पुढच्या वर्षभराचे कळले.

आणि मुळात मला बोलावलं का, ते आज कळलं. एका पेशंटच्या फाईलमध्ये पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली होती, ती मधेच कधीतरी काढली गेली. सॉफ्टवेअरची हिस्टरी काढली तर जुनी नोंद, नवी नोंद, वेळ, सगळं दिसतंय, आणि बदलणाऱ्याच्या जागी सरांचं नाव. पण सर त्या वेळी क्लिनिकमध्येच नव्हते. पुढच्या व्हिजिटला पेशंटने स्वतःहून सांगितलं म्हणून निभावलं. कोणी काढली, चुकून की विचारून, आजही माहीत नाही आणि आता कळणारही नाही, कारण त्या लॉगिनवर तेव्हा कोणीही असू शकत होतं. मॅडमना वाटतंय पासवर्ड स्ट्राँग नव्हते म्हणून हे झालं. पण पासवर्ड चाळीस अक्षरी असता तरी हेच झालं असतं.

९ मार्च

"आपला पासवर्ड कोणालाही सांगू नये" हे वाक्य जुन्या पॉलिसीतही आहेच. ते पुन्हा ठळक अक्षरात लिहून काही होणार नाही. ज्या कारणासाठी लोक पासवर्ड सांगतात ती कारणं आधी काढायला हवीत, मग नियम लिहायचा. म्हणून आज लिखाण बाजूला ठेवून सेटिंग.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या सपोर्टला फोन केला. दोन गोष्टी कळल्या ज्या क्लिनिकमध्ये कोणालाच ठाऊक नव्हत्या. एक, त्यांचा प्लॅन एकाच वेळी किती जण आत आहेत ते मोजतो, एकूण नावं किती ते नाही, म्हणजे प्रत्येकाला वेगळं नाव द्यायला जास्तीचं काहीच लागत नाही. दोन, त्यात युजर बदलायची सोय आहे, दिवसात पहिल्यांदा पूर्ण पासवर्ड टाकायचा आणि मग त्या मशीनवर त्या दिवसापुरता सहा आकडी पिन. पिन टाकला की तीन-चार सेकंदात नाव बदलतं, सॉफ्टवेअर पुन्हा लोड होत नाही. हा पिन दुसऱ्या मशीनवर चालत नाही आणि पाच वेळा चुकला की पूर्ण पासवर्ड मागतो, म्हणून सहा आकडे इथे पुरतात.

मग रचना अशी केली. काउंटरच्या मशीनवर विंडोजचं खातं एकच, साधं, ॲडमिनचे अधिकार काढलेलं, पण सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाचं स्वतःचं नाव. केबिनमध्येही तेच, सिस्टर आत आल्या की त्यांचा पिन, सर बसले की सरांचा. सिस्टरना ॲलर्जी आणि व्हायटल्स भरायचा अधिकार दिला, तो आधी त्यांच्या खात्याला नव्हताच! म्हणजे त्या सरांच्या लॉगिनवर का बसायच्या याचं निम्मं उत्तर इथेच होतं. मॅडम फोन करून रिपोर्ट वाचून घ्यायच्या त्यासाठी काउंटरच्या दोघींना रिपोर्ट नुसता बघायचा अधिकार दिला, बदलायचा नाही. आता मॅडमना स्वतःचा पासवर्ड सांगायचं कारणच उरलं नाही.

स्क्रीन आपोआप लॉक व्हायच्या वेळेवर बराच खल झाला. सर म्हणाले सगळीकडे दोन मिनिटं ठेवा. ड्रेसिंगच्या खोलीत सिस्टरच्या हातात ग्लोव्हज असतात, दोन मिनिटांत स्क्रीन गेली की ग्लोव्हज काढा, टाईप करा, पुन्हा नवे घाला. असं दोनदा झालं की माणूस कीबोर्डच्या एखाद्या बटणावर पेन ठेवून स्क्रीन जागी ठेवायची युक्ती काढतो, हे मी दुसरीकडे बघितलंय. शेवटी खोलीप्रमाणे न ठरवता, स्क्रीन कोणाला दिसते आणि पेशंट तिथे एकटा राहतो का यावर ठरवलं. काउंटरला तीन मिनिटं, केबिनला पाच, ड्रेसिंगला दहा, पण तिथला मॉनिटर भिंतीकडे फिरवला आणि पेशंटला एकटं सोडून बाहेर जाताना हाताने लॉक करायचं. `Windows + L`, दोन बटणं, सगळ्यांना तिथल्या तिथे करून दाखवलं.

१२ मार्च

पासवर्डचं पान.

कॅपिटल हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, महिन्याने बदला, ही जी परंपरा आहे ती बरीचशी अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेतून पसरली. ती लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये जाहीर सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने ठराविक मुदतीने बदलायची आणि चिन्हांची सक्ती नको असं केलं, आणि २०२५ च्या चौथ्या आवृत्तीत तर स्पष्टच आहे, नुसत्या पासवर्डवर दार उघडत असेल तर किमान १५ अक्षरं, सोबत दुसरा पुरावा लागत असेल तर किमान ८, आणि पासवर्ड फुटल्याची खूण असेल तरच बदलायला लावा. हे सरांना दाखवलं कारण त्यांचा ठाम समज होता की दर महिन्याला बदलणं म्हणजेच सुरक्षा.

आपला नियम: किमान १५ अक्षरं, आणि सोपा मार्ग म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द. मराठी शब्द रोमन अक्षरात टाईप केलेले चालतील, उलट बरंच, कारण प्रत्येकाची स्पेलिंगची सवय वेगळी. देवनागरीत मात्र नको, कारण लॉगिनच्या स्क्रीनवर कीबोर्ड कुठल्या भाषेत आहे ते कळत नाही, टाईप केलेलं ठिपक्यांमागे लपलेलं असतं आणि माणूस उगाच खात्याबाहेर अडकून बसतो.

चार शब्द पुरतात का याचा हिशोब अकाउंटंटनी मागितला, त्यांना आकडे लागतातच. समजा साधे दोन हजार शब्द धरले आणि त्यातून चार कसेही उचलले, तर २०००×२०००×२०००×२००० म्हणजे १६ लाख कोटी जोड्या होतात. नाव-@-महिना यात नाव माहीत असेल तर बाराच जोड्या. पण अट एकच, शब्द खरोखर कसेही उचललेले हवेत. मुलाचं नाव, गावाचं नाव, देवाचं नाव, गाडीचा नंबर असे चार घेतले की हिशोब कोसळला. म्हणून पानावर लिहिलं: कुठलंही पुस्तक घ्या, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा, तो शब्द. असं चारदा.

पानावर नमुन्याचा पासवर्ड मुद्दाम दिलेला नाही. दिला की चार जण तोच ठेवतात, हे ठरलेलं. आणि "हा वापरू नका" असं खाली लिहिलं तर पाचवाही ठेवतो.

विंडोजच्या मशीनवर हे लावलं:

```
net accounts /minpwlen:14 /maxpwage:unlimited
net accounts /lockoutthreshold:10
net accounts /lockoutduration:15 /lockoutwindow:15
```

यात `minpwlen`, म्हणजे पासवर्डची किमान अक्षरं, याला १४ च्या वर आकडा घेत नाही, ती या कमांडची मर्यादा आहे. पानावर १५ आहे आणि मशीन १४ ला अडवतं, चालेल, एका अक्षराने फरक पडत नाही, फक्त माझ्यानंतर कोणी बघितलं तर गोंधळ नको म्हणून इथे नोंद. `lockoutthreshold`, म्हणजे किती वेळा चुकलं की खातं लॉक होतं ते, मुद्दाम १० ठेवलंय, तीन ठेवलं असतं तर सकाळच्या घाईत कॅप्स लॉक चालू राहिलं की काउंटर पंधरा मिनिटं बंद.

कागदावर लिहायचं की नाही, यावर मॅडम म्हणाल्या अजिबात नको. मी म्हणलं चालू द्या, पण कुठे ते ठरवू. नवा पासवर्ड पाठ होईपर्यंत चिठ्ठी पाकिटात, जिथे आपले पैसे असतात तिथे, कारण त्याची काळजी माणूस आपोआप घेतो. कीबोर्डखाली, मॉनिटरला, ड्रॉवरमध्ये नाही. चिठ्ठीवर क्लिनिकचं नाव नाही की कुठलं खातं ते नाही. "लिहूच नका" म्हणलं असतं तर लोकांनी सोपा पासवर्ड ठेवला असता.

१४ मार्च

लॅबचं पोर्टल. हे एक दुखणंच आहे. लॅब अख्ख्या क्लिनिकला एकच लॉगिन देते, वेगळी नावं द्यायला तयार नाही. वर त्याचा ओटीपी सरांच्या मोबाईलवर जातो. म्हणजे रोज दहादा काय होतं, तर काउंटरवरून सरांना फोन, "सर ओटीपी आलाय तो सांगा ना," आणि सर पेशंट तपासता तपासता आकडे सांगून मोकळे. ज्यांनी रोज दहादा फोनवर ओटीपी सांगितलाय त्यांना अकराव्यांदा एखादा चोर फोन करून म्हणाला, "सर मी लॅबमधून बोलतोय, ओटीपी आला असेल बघा," तर ते सांगणारच. पॉलिसीत "ओटीपी कोणालाही सांगू नये" लिहायचं आणि कामाची पद्धत मात्र तो सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाही, हे असं चालत नाही.

पोर्टलच्या सेटिंगमध्ये ऑथेंटिकेटर ॲपचा पर्याय सापडला, दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड देणारं ॲप. त्याचा क्यूआर कोड पहिल्यांदा समोर येतो तेव्हा तो एकाच वेळी दोन मोबाईलवर स्कॅन करता येतो आणि दोन्हीवर तोच कोड दिसतो. क्लिनिकचा मोबाईल (जो काउंटरच्या कुलपातच राहतो) आणि सरांचा, दोन्हीवर घेतला. क्यूआरचा स्क्रीनशॉट कोणाच्याही फोनमध्ये ठेवला नाही, कारण तो कोड म्हणजे किल्लीच. आता ओटीपीसाठी फोन करायची गरजच नाही आणि नियम साधा झाला: "फोनवर ओटीपी मागणारा आपला माणूस नाही. आवाज ओळखीचा असला तरी नाही."

पासवर्ड मात्र सामाईकच राहिला, तो पासवर्ड मॅनेजरमध्ये टाकला आणि पानावर त्या खात्याच्या पुढे एका माणसाची जबाबदारी लिहिली, सिस्टर. कोणी नोकरी सोडली की त्याच दिवशी त्यांनी तो बदलायचा.

१७ मार्च

पहिला मसुदा वाचून बघण्याचा दिवस. पद्धत अशी, मी समजावून सांगणार नाही. समोरच्याने एक वाक्य वाचायचं आणि मग एक प्रसंग देऊन विचारायचं, आता तुम्ही काय कराल. "समजलं का" असं विचारलं की सगळे हो म्हणतात.

वाक्य होतं: "अनधिकृत व्यक्तींना क्लिनिकचा कॉम्प्युटर वापरू देऊ नये." मी काउंटरवरच्या ताईंना विचारलं, सरांचा मुलगा आला आणि म्हणाला जरा एक प्रिंट काढायची आहे, तर? त्या म्हणाल्या, "देणार की, तो घरचाच आहे, अनधिकृत कसा?" बरोबर आहे त्यांचं. शिवाय मालकाच्या मुलाला नाही म्हणायची ताकद कागदाने द्यायला हवी, त्यांच्या पगारात ती नाही. बदललेलं वाक्य: "ज्यांचं नाव खालच्या यादीत आहे तेवढ्यांनीच कॉम्प्युटरला हात लावायचा. सरांच्या आणि मॅडमच्या घरची माणसंही नाहीत. प्रिंट हवी असेल तर आपण काढून द्यायची." हे वाक्य मॅडमकडून स्वतः वाचून घेतलं आणि त्याच्या शेजारी त्यांची सही.

दुसरं. "रुग्णांच्या माहितीची गोपनीयता राखावी." हे वाक्य वाचून सगळ्यांना वाटतं की बाहेर बोलायचं नाही. आतल्या आत बघण्याचं कोणाच्या डोक्यात येत नाही. प्रसंग दिला: शेजारच्या काकू येऊन गेल्या असं कळलं, काय झालंय बघू म्हणून फाईल उघडली, कोणाला सांगितलं नाही. ताई म्हणाल्या, "मग त्यात काय, काळजीपोटीच ना." म्हणून आता: "आज त्या पेशंटचं काम तुमच्याकडे असेल तरच फाईल उघडा. नातेवाईक, शेजारी, आपल्याच स्टाफमधलं कोणी, स्वतःची फाईल, काहीही असो. कोण कधी कुठली फाईल उघडतं ते सॉफ्टवेअर लिहून ठेवतं." शेवटचं वाक्य धमकीसारखं वाटू नये म्हणून दोनदा बदललं, तरी थोडं वाटतंच.

व्हॉट्सअ‍ॅपवर बंदी लिहायची असं सर म्हणत होते. बंदी टिकणार नाही कारण सर स्वतः त्यावर एक्सरे पाठवून मित्र डॉक्टरांचं मत घेतात. म्हणून काय चालेल ते लिहिलं. अपॉइंटमेंटची वेळ पाठवणं चालेल. रिपोर्ट फक्त क्लिनिकच्या मोबाईलवरून आणि फक्त पेशंटच्या फाईलवर असलेल्या नंबरवर, नंबर एकदा मोठ्याने वाचून. स्वतःच्या मोबाईलने रिपोर्टचा, फाईलचा, जखमेचा फोटो काढायचा नाही, कारण तो गॅलरीत जातो, तिथून आपोआप क्लाउडवर जातो आणि मग घरच्या टीव्हीवर फोटो फिरत असतात त्यातही तो दिसू शकतो. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तर क्लिनिकच्या मोबाईलवरून, नाव, चेहरा, केस नंबर कापून. एक्सरेच्या कोपऱ्यात नाव छापलेलं असतं ते विसरतात लोक, म्हणून तेही लिहिलं.

पेशंट सीडी आणि पेनड्राइव्ह घेऊन येतात त्याचंही असंच. "बाहेरचे पेनड्राइव्ह वापरू नयेत" म्हणलं तर एमआरआय बघायचा कसा? त्या सीडीत चित्रांसोबत ती दाखवणारा छोटा प्रोग्रामही असतो आणि लोक सवयीने त्यावरच क्लिक करतात. एक जुना लॅपटॉप वेगळा ठेवला, त्याला नेट नाही, क्लिनिकच्या सॉफ्टवेअरशी जोडलेला नाही, आणि त्यात चित्रं बघायचा स्वतंत्र प्रोग्राम आधीच टाकलाय. बाहेरची सीडी, पेनड्राइव्ह फक्त त्यात.

२० मार्च

सरांचा प्रश्न रास्त होता: रात्री कोणी गंभीर आलं, ड्युटीवर नवीन डॉक्टर आहे, त्याला अजून लॉगिन नाही, मग? यालाच घाबरून लोक एकमेकांचे पासवर्ड माहीत करून ठेवतात.

यासाठी बंद पाकीट. सॉफ्टवेअरमध्ये `emergency` नावाचं एक खातं, फाईल बघता येईल आणि नवी नोंद करता येईल, पण जुनी नोंद बदलता किंवा काढता येणार नाही. त्याचा पासवर्ड कागदावर, कागद पाकिटात, पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेवर मॅडमची सही अशी की अर्धी वरच्या कागदावर अर्धी खालच्या. पाकीट औषधांच्या कुलूपबंद कपाटात, कारण त्याची किल्ली ड्युटीवर नेहमी कोणाकडे तरी असतेच. पाकीट फोडलं की बाजूच्या वहीत वेळ, पेशंटचा केस नंबर, कारण आणि स्वतःचं नाव. दुसऱ्या दिवशी मॅडम पासवर्ड बदलून नवं पाकीट ठेवणार. पाकीट न फोडता हे खातं वापरलं गेलं तर? ते लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर लिहून ठेवतं त्या नोंदीत, दिसेल, म्हणून महिन्यातून एकदा वही आणि लॉग समोरासमोर ठेवून बघायचे, दोन्हीकडच्या ओळी जुळल्या पाहिजेत.

सिस्टरना लगेच फोडायला लावलं, खोटी इमर्जन्सी. पासवर्ड सॉफ्टवेअरनेच बनवलेला होता, त्यात शून्य की ओ, एक की छोटा एल, हे कागदावर ओळखू येईना. तीनदा चुकला. मग तोही चार शब्दांचा केला, सगळी छोटी अक्षरं, मोठ्या टाईपात छापलेला. दुसऱ्यांदा फोडलं तेव्हा पहिल्या फटक्यात आत.

२४ मार्च

"नियम मोडल्यास कठोर कारवाई करण्यात येईल." जुन्या पॉलिसीत हे सहा ठिकाणी आहे. सरांना ते ठेवायचंच होतं.

मी त्यांना एवढंच विचारलं, की ताईंनी सकाळी दहाला कुरिअरच्या नावाने आलेल्या खोट्या लिंकवर पासवर्ड टाकला, त्यांना पाच मिनिटांत शंका आली, आणि भिंतीवर हे वाक्य आहे, तर त्या तुम्हाला कधी सांगतील? सर म्हणाले संध्याकाळी. मॅडम म्हणाल्या, सांगणारच नाहीत. दहा वाजून पाच मिनिटांनी कळलं तर पासवर्ड बदलून बहुतेक वेळा विषय मिटतो. संध्याकाळपर्यंत त्या खात्यातून काय काय बाहेर गेलं असेल सांगता येत नाही.

बऱ्याच ओढाताणीनंतर दोन वेगळी वाक्यं झाली. पहिलं, पानाच्या सगळ्यात वर, फोन नंबरसह: "काही चुकीचं क्लिक झालं, पासवर्ड कुठे टाकला गेला, मोबाईल हरवला, तर लगेच फोन करा. लगेच सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही." दुसरं खाली: "मुद्दाम दुसऱ्याची फाईल चाळणं, माहिती बाहेर देणं किंवा झालेलं लपवणं, यावर कारवाई होईल." सरांना "कठोर" हवं होतं, ते दुसऱ्या वाक्यात घातलं, ठीक आहे.

त्याच चौकटीत मशीन विचित्र वागलं तर काय करायचं तेही घातलं: नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा, मशीन बंद करू नका, फोन करा. बंद केलं की मेमरीतलं जे बघायचं असतं ते जातं. वायर कुठली, तर तिला लाल टेप लावला.

३ एप्रिल

पानं लागू होऊन थोडे दिवस झाले. लॉग काढून बसले.

`reception` हे जुनं खातं बंद केलंय, त्यावर कोणी प्रयत्नही केलेला दिसत नाही. सर बाहेर असतानाच्या वेळेत सरांच्या नावावर नोंदी आहेत का ते बघितलं, एका संध्याकाळी सापडल्या. सिस्टरनी पिन न बदलता भरल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या की घाईत स्क्रीनवर कोणाचं नाव आहे ते दिसतच नाही, वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं. बरोबर आहे. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक युजरला वेगळा रंग देता येतो, तो दिला, सिस्टरचा हिरवा, सरांचा निळा, मॅडमचा केशरी. आता दारातूनच कळतं कोणाचं लॉगिन उघडं आहे.

आज एक ॲलर्जीची नोंद पुन्हा बदललेली दिसली. सल्फा या औषधाची, "ॲलर्जी" वरून "सहन होत नाही" अशी. यावेळी नाव सिस्टरचं होतं, वेळही होती. त्यांना विचारलं तर लगेच आठवलं, पेशंटने सांगितलं होतं की अंगावर काही उठलं नव्हतं, नुसतं पोट बिघडलं होतं, आणि मॅडमना विचारूनच बदललं. मॅडमनी हो म्हणलं. दोन मिनिटं लागली. त्यावरून आणखी एक ओळ वाढली: ॲलर्जीची नोंद बदलली की शेजारच्या रकान्यात कोणाला विचारून ते लिहायचं.

पिनचं मात्र समाधान नाही. दोघांचे १२३४५६ निघाले, सॉफ्टवेअर असले पिन अडवत नाही. सपोर्टला कळवलंय, तोवर प्रत्येकाजवळ बसून बदलून घेतले, मी पाठ फिरवून.

बाकी राहिलेलं: अकाउंटंट घरून स्वतःच्या लॅपटॉपवर बिलं उघडतात, त्यांना फक्त बिलांचा विभाग दिसेल असं खातं करायचंय आणि त्या लॅपटॉपवर घरातलं आणखी कोण बसतं ते विचारायचंय. लॅबला वेगळ्या लॉगिनसाठी लेखी विनंती गेलीय, उत्तर नाही. नवीन डॉक्टर पुढच्या आठवड्यात रुजू होतायत, त्यांचं खातं पहिल्या दिवशी सकाळीच तयार हवं, नाहीतर पाकीट फुटणार.